१७६ ला सगळे डाउनस्ट्रोक: दुसऱ्या कडव्यात हात दगड होतो

दोनतारी

आमच्या बँडचं एक गाणं १७६ बीपीएमला आहे, लांबी २ मिनिटं १० सेकंद. गिटारला त्यात एकच काम: पॉवर कॉर्ड धरायची आणि ठोक्याला दोन फटके मारायचे, सगळे वरून खाली. सोलो नाही, मधे थांबा नाही. मोजलं तर साडेसातशेहून जास्त डाउनस्ट्रोक होतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा.

१६० ला हे गाणं मी आरामात शेवटपर्यंत नेते. १७६ ला पहिलं कडवं आणि पहिला कोरस ठीक जातो. साधारण ५५ सेकंदांनी, दुसरं कडवं सुरू होतं तिथेच, उजव्या हाताचा कोपराखालचा भाग दगडासारखा घट्ट होतो. पिक बोटांत फिरायला लागते आणि मग माझ्याही नकळत अधूनमधून अपस्ट्रोक घुसतात.

ब्रिजला हमबकर आहे, तारा १०-४६, पिक ०.७३ मिमी. कडव्याचा तुकडा असा:

```
     A5                D5
G |-----------------|-7-7-7-7-7-7-7-7-|
D |-7-7-7-7-7-7-7-7-|-7-7-7-7-7-7-7-7-|
A |-7-7-7-7-7-7-7-7-|-5-5-5-5-5-5-5-5-|
E |-5-5-5-5-5-5-5-5-|-----------------|
```

पुढे हाच आकार दोन फ्रेट वर सरकवून E5, आणि परत D5. दर बारला कॉर्ड बदलते.

दोन महिने रोज मेट्रोनोम दोन-दोनने वाढवत नेला. १६८ च्या वर काही जाता येत नाही. माझी ताकद कमी पडते आहे की पद्धतच चुकते आहे?

वरखाली

एवढा त्रास कशासाठी? वर-खाली वाजवा, हात निम्म्या वेगाने चालेल. १७६ ला ठोक्याला दोन फटके म्हणजे आल्टरनेट पिकिंगसाठी काहीच नाही. एवढं डिस्टॉर्शन लावल्यावर समोरच्याला कुठला फटका वरून आला आणि कुठला खालून ते कळत नाही. मी स्वतः सगळं आल्टरनेटनेच वाजवतो, आजवर कुणी बोललेलं नाही.

दोनतारी

मला कळतं, म्हणूनच तर विचारते आहे. आमच्या सरावाच्या रेकॉर्डिंगमध्ये ५५ सेकंदांनंतर आवाज पातळ होतो. आधी प्रत्येक फटका सारखा असतो, नंतर एक जाड, एक बारीक असं ऐकू यायला लागतं. ज्या गाण्यात दुसरं काहीच नाही, त्यात तेवढंही गेलं तर गाणंच जातं.

जुना_ॲम्प

दोनतारी, तुझे कान बरोबर सांगताहेत. डाउनस्ट्रोकमध्ये पिक आधी जाड तारेला लागते, मग वरच्या दोन तारांना. खालचा सूर पुढे असतो. अपस्ट्रोकमध्ये उलटं होतं: बारीक तार आधी, आणि घाईत बरेचदा पिक जाड तारेपर्यंत पोचतच नाही. डिस्टॉर्शन आवाजाची पातळी सपाट करतं हे वरखाली यांचं म्हणणं खरं आहे, पण फटक्याच्या सुरुवातीचा जो 'ठक्' असतो तो सपाट होत नाही. त्यामुळे आठही फटके सारख्या जोराचे वाटले तरी सारख्या जातीचे वाटत नाहीत. शिवाय वर-खाली वाजवताना हाताला आपोआप डोलायची सवय असते, त्याने दोन फटक्यांतली अंतरं कमीजास्त होतात. या संगीताला तो झोका नको असतो.

आता तुझा प्रश्न. डाउनस्ट्रोकमध्ये तार वाजवणं हा निम्माच प्रवास आहे. पिकला तारांना न लागता परत वरही यायचं असतं. म्हणून हाताची वाट सरळ रेघ नसते, ती चेपलेल्या लंबगोलासारखी असते: खाली जाताना तारांमधून, वर येताना तारांपासून किंचित बाहेरून. १७६ ला हे सगळं १७० मिलिसेकंदांत बसवायचं असतं. १६० ला साधारण १८७ मिळतात. हा जो सतरा मिलिसेकंदांचा फरक आहे, त्यात तुझा हल्लीचा हेलकावा मावत नाही असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर सल्ला देणार नाही. तीन गोष्टी करून बघ, प्रत्येकीच्या मधे दहा मिनिटं हाताला पूर्ण विश्रांती दे.

पहिली: डावा हात तारांवर नुसता आडवा ठेव, सूर उमटू देऊ नकोस, आणि १७६ ला मेलेल्या तारांवर डाउनस्ट्रोक मार. दुसरी: फक्त A5 धर, बदलू नकोस. तिसरी: खरं गाणं. तिन्हींत पहिला अपस्ट्रोक घुसेपर्यंत किती सेकंद जातात ते लिहून आण. तिसऱ्या वेळी रेकॉर्डही कर, ॲम्पचा आवाज नको, गिटार थेट कंप्युटरमध्ये घे.

कडक_पिक

यात चाचणी करण्यासारखं काही नाही. ०.७३ ची पिक आहे हाच घोटाळा आहे. पातळ पिक तारेवर वाकते, मग सुटते, प्रत्येक फटक्याला उशीर होतो. १.५ मिमीची घ्या, प्रश्न संपेल. आणि सगळी हालचाल फक्त मनगटातून. कोपर हललं की संपलं.

जुना_ॲम्प

पिक वाकते हे बरोबर आहे. पण १.५ ची पिक अजिबात वाकत नाही, म्हणजे तारेचा सगळा विरोध थेट अंगठ्यावर येतो. ज्याचा हात आधीच घट्ट आहे त्याला ती जास्त लवकर थकवते. ज्याचा हात सैल आहे आणि जो पिकचं जेमतेम टोक तारेत घालतो, त्याला ती छान चालते. त्यामुळे तुम्हाला जमली म्हणून तिला जमेलच असं नाही. ०.८८ पासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

पिक जरा तिरकी धरण्याने जाडीपेक्षा जास्त फरक पडतो. सपाट पिक तारेवर आपटते. तिची पुढची कड किंचित खाली झुकवली की ती तारेवरून घसरते. फार झुकवली तर मात्र खरखर वाढते आणि 'ठक्' कमी होतो, म्हणून कानाने ठरवायचं.

कोपराचं म्हणाल, तर मोठ्या हालचालीला कोपर लागतंच आणि मनगटाने वाजवणाऱ्यांचंही ते थोडं हलतं. हाताला घातक ठरतं ते कोपर ताठ कुलूप लावून हलवणं. वेग वाढल्यावर मनगट थकलं की अनेकजण नकळत तिकडे जातात.

तबकडी

माफ करा, पण १७६ ला ठोक्याला चार फटके सगळे डाउनने? ते तर सेकंदाला बारा होतात. असं कोणी माणूस वाजवत असेल यावर माझा विश्वास नाही. मी ८८ बीपीएमचं एक गाणं ठोक्याला चार डाउनस्ट्रोकने वाजवतो आणि तेच मला पुष्कळ होतं.

किकस्नेअर

तबकडी, ती ठोक्याला दोनच मारते आहे. आणि तुमचं ८८ ला चार आणि तिचं १७६ ला दोन, हाताच्या दृष्टीने अगदी एकच गोष्ट आहे. दोन्हीकडे सेकंदाला जवळजवळ सहा फटके. आम्हा ड्रमरांना हा गोंधळ रोजचाच असतो. टेम्पो ओळखणारी ॲप वेगवान पंक गाण्याचा आकडा निम्मा दाखवतात. स्नेअर दर दुसऱ्या ठोक्यावर येतो, ॲप त्या अंतरालाच एक ठोका समजतं. म्हणून कुणी 'मी २२० ला डाउनस्ट्रोक मारतो' म्हटलं की आधी ठोक्याला किती फटके ते विचारावं.

तुम्ही तुमच्या गाण्यात न थकता किती वेळ टिकता?

तबकडी

अच्छा, म्हणजे मी तेच वाजवतो आहे. पण माझ्या गाण्यात तो तुकडा चार बारचा आहे, मग मोकळ्या कॉर्ड येतात. सलग कधीच दहा-अकरा सेकंदांच्या वर वाजवलेलं नाही. मला वाटत होतं त्याहून तिचं काम बरंच अवघड आहे.

वरखाली

रामोन्सचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण ते दोन-तीन तारांच्या पॉवर कॉर्ड वाजवायचे, तेही स्टुडिओत. तिथे तुकडे जोडता येतात. स्टेजवर पूर्ण कार्यक्रमभर कोणी असं टिकत नाही.

जुना_ॲम्प

दोन्ही मुद्द्यांवर मी असहमत आहे. जॉनी रामोन बहुतेक वेळा पूर्ण बार कॉर्ड धरायचा आणि त्यावर डाउनस्ट्रोक. म्हणजे डाव्या हाताचं काम आपल्यापेक्षा जास्त. १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि ती अर्ध्या तासाच्या आत संपतात. स्टेजचं म्हणाल, तर १९७७ च्या ३१ डिसेंबरला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये रेकॉर्ड झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचा अल्बम ऐका. २८ गाणी, तासाच्या आत, गाण्यांमध्ये जेमतेम 'वन टू थ्री फोर', आणि स्टुडिओपेक्षा वेग जास्त. मेटालिकाच्या १९८६ च्या अल्बमचं शीर्षकगीत साधारण २१२ ला आहे आणि त्याच्या मुख्य रिफचा मोठा भाग डाउनस्ट्रोकवर आहे, म्हणजे सेकंदाला सात. तिथे मात्र रिफ तुकड्यातुकड्याने श्वास घेतो, बरेचसे फटके एकाच तारेवर आहेत. सलग भिंतीसारखं वाजवणं हा वेगळा प्रकार आहे, दोन्हींची तुलना सरळ होत नाही.

दोनतारी

तिन्ही करून पाहिलं, दोन दिवस, दोन्ही दिवशी आकडे जवळपास तेच आले.

मेलेल्या तारांवर १ मिनिट ५० सेकंद. फक्त A5 धरून १ मिनिट २५. खरं गाणं, ५५ सेकंद.

मला वाटलं होतं उजवा हातच कच्चा आहे. पण तो एकटा तर जवळजवळ पूर्ण गाणं काढतो! रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत उघडलं. फटक्यांची टोकं स्पष्ट दिसतात. त्यात काय बघू?

जुना_ॲम्प

हे आकडे फार बोलके आहेत. कॉर्ड नुसती धरली की २५ सेकंद कमी झाले, कॉर्ड बदलायला लागलीस की आणखी ३० गेले. बरोबर निम्मा वेळ डावा हात खातो आहे, आणि दुखतो मात्र उजवा.

आता टोकांमधली अंतरं मोज. १७६ ला प्रत्येक अंतर साधारण १७० मिलिसेकंद यायला हवं. साधारण तीन तऱ्हा दिसतात. सगळी अंतरं हळूहळू एकत्रच वाढत गेली असतील, १७०, १७४, १७८ अशी, तर तो साधा थकवा. एक लांब, एक आखूड, आणि टोकंही एक उंच, एक बुटकं अशी जोडी दिसली तर अपस्ट्रोक. आणि बाकी सगळं ठीक असून ठरावीक जागीच बिघडत असेल तर त्या जागी काय घडतं ते बघायचं. पहिल्या ३० सेकंदांतलंच बघ, जिथे तुला सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

दोनतारी

तिसरी तऱ्हा! पहिल्या कडव्यातच. बारच्या आत १६८ ते १७२. पण बारचा शेवटचा फटका आणि पुढच्या बारचा पहिला यांच्यात १८५, कधी १९०. आणि त्याच्या पुढचं अंतर १५०. प्रत्येक बारला हेच. ऐकताना मला कधीच जाणवलं नव्हतं.

जुना_ॲम्प

सापडलं. उजवा हात डाव्यासाठी थांबतो आहे. डावा पुढच्या कॉर्डवर पोचेपर्यंत उजवा पंधरा-वीस मिलिसेकंद हवेत ताटकळतो, आणि मग मागे पडू नये म्हणून पुढचा फटका झटक्याने मारतो. तो झटका म्हणजे स्नायूचं एक पूर्ण आवळणं. तुझ्या गाण्यात साधारण ९५ बार आहेत. ९५ झटके. मधल्या वेळात हात सैल व्हायला जागाच नाही, म्हणून ५५ सेकंदांनी तो दगड होतो. मेलेल्या तारांवर झटके नव्हते, म्हणून तू दुपटीने टिकलीस.

म्हणून मेट्रोनोम दोन-दोनने वाढवण्याचा उपयोग झाला नाही. तू प्रत्येक पायरीवर हाच झटका पक्का करत होतीस.

नियम एकच: उजवा हात कोणासाठीही थांबत नाही. डाव्याला वेळ हवा असेल तर तो बारच्या शेवटच्या फटक्यातून काढायचा. १२० ला सुरू कर. पहिले सात फटके कॉर्ड दाबून, आठव्या फटक्याला डाव्या हाताचा दाब सोडून दे, पण बोटं तारांवरून उचलू नकोस. आठवा फटका 'ठक' असा मेलेला येईल. त्याच क्षणात डावा हात पुढच्या जागेवर सरकतो. सावकाश वाजवताना तो ठक विचित्र वाटेल. १७० च्या पुढे कानाला तो जवळपास पोचतच नाही, उलट पुढची कॉर्ड जास्त ठसठशीत येते. बोटं पूर्ण उचललीस तर मात्र मोकळ्या तारा डिस्टॉर्शनमध्ये घुमतील आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल.

तुझ्या बाबतीत सुदैव असं की A5 वरून D5 ला फ्रेट तेच आहेत, अख्खा आकार फक्त एक तार पुढे जातो. अनामिका आणि करंगळी पहिल्या बोटापासून जेवढ्या अंतरावर होत्या तेवढ्याच ठेव. D5 वर पोचल्यावर पहिल्या बोटाचं टोक सहाव्या तारेला हलकं टेकलेलं असू दे, म्हणजे चुकून लागली तरी ती वाजणार नाही.

आणि दाब. डिस्टॉर्शनवर पॉवर कॉर्डला वाटतो त्याहून खूप कमी दाब पुरतो. A5 धरून दाब इतका कमी कर की सूर फडफडायला लागेल, मग जेमतेम स्वच्छ होईल एवढाच वाढव. १०-४६ तारांवर जास्त दाबलं तर सूर चढतोही, मग बँडमध्ये तुझी कॉर्ड बासशी किंचित भांडते. डाव्या हाताने मूठ आवळली की उजवाही सोबत आवळतो.

खर्जवाला

मी बास वाजवतो, पिकने, अशाच गाण्यांत. माझं थोडं वेगळं आहे पण इथे विचारतो. कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखतं. सराव करताना नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीचं झाकण उघडताना. तीन महिने तसाच वाजवत राहिलो, वाटलं सवय होईल.

जुना_ॲम्प

हा थकवा नाही, याची सवय होत नाही. थकवा स्नायूच्या पोटात असतो, जळजळतो आणि हात झटकून पाच-दहा मिनिटं थांबलं की जातो. हाडाजवळ, एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं आणि तेही दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथला त्रास. बोटांत मुंग्या येत असतील तर त्याहून लवकर हालचाल करा. फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि तोपर्यंत वेगाचा सराव पूर्ण बंद. बासच्या जाड तारा पिकला जास्त अडवतात, शिवाय वाद्य जड, त्यामुळे इथे गिटारसाठी चाललेला सल्ला तुम्ही जसाच्या तसा घेऊ नका.

खर्जवाला

आज वेळ घेतली. धन्यवाद.

कडक_पिक

दोनतारी, एक गोष्ट करून बघा. फोन पुलाच्या बाजूने गिटारवर रोखून स्लो मोशनमध्ये उजवा हात शूट करा. मी हा धागा वाचून स्वतःचा केला. माझी पिक तीन तारा वाजवून थांबत नाही, पार पहिल्या तारेच्याही खाली जाते. म्हणजे मी गरजेच्या दुप्पट अंतर कापतो आहे आणि इतकी वर्षं जाड पिकच्या जोरावर ते खपवत होतो.

जुना_ॲम्प

हे फार उपयोगी निरीक्षण आहे. ब्रिजपाशी दोन तारांत साधारण एक सेंटिमीटर अंतर असतं. तीन तारांची कॉर्ड वाजवायला अडीच-तीन सेंटिमीटर हालचाल पुरते. आणि तारेच्या आत पिकचं टोक एक-दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नको. खोल गेलेली पिक अडकते आणि अडकलेली पिक बोटांत फिरते. दोनतारीच्या पिकचं फिरणं यातूनच येत असणार.

दोनतारी

शूट केलं. माझाही हात पहिल्या तारेच्या पलीकडे जातो. १६० ला एवढं करायला वेळ पुरत होता, म्हणून कळलंच नाही.

सरावाचा वेग कसा ठेवू? १२० वरून परत दोन-दोनने चढू का?

जुना_ॲम्प

बदलाची सवय लावायला १२०, एक आठवडा. पण उजव्या हाताची छोटी हालचाल सावकाश वेगात शिकता येत नाही. तिथे मोठी हालचालही चालून जाते, हाताला कारणच मिळत नाही. ती शिकायची तर वेग गाण्यापेक्षा जास्त आणि वेळ अगदी थोडा लागतो. १८४ ला दोन बार वाजव, दोन बार पूर्ण थांब, थांबल्यावर हात खाली सोडून सैल झाला का ते बघ. असं तीन मिनिटं. दोन बारमध्ये थकायला वेळच नसतो, त्यामुळे हात चुकीची वाट न धरता वेग अनुभवतो. हे स्वच्छ जमलं की चार बार वाजव, दोन थांब. मग आठ आणि दोन. थांबे कमी करत जा, वेग तोच ठेव.

मेट्रोनोम दर ठोक्याला नको, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावरच वाजू दे, म्हणजे ९२ ला लाव आणि तो स्नेअर समज. मधल्या फटक्यांची जबाबदारी तुझ्यावर राहते, थांबणं-धावणं लगेच उघडं पडतं.

किकस्नेअर

एक सुचवतो. चार-चारच्या गटात विचार करा, गटाचा पहिला फटका मनात जरा जड धरा आणि बाकीचे तीन त्याच्या उसळीवर येऊ द्या. आम्ही वेगवान हाय-हॅट एका हाताने असाच वाजवतो. प्रत्येक फटका वेगळा ठरवून मारला तर डोकं आधी थकतं.

जुना_ॲम्प

सरावात हे चालेल. गाण्यात मला ते पटत नाही. या वादनाची मजा आठही फटके सारखे असण्यात आहे. पहिला जड झाला की गाणं चालायला लागतं, धावत नाही.

किकस्नेअर

मनात जड धरा म्हणालो, हाताने नाही. माझ्या अनुभवात फरक ऐकू येत नाही.

जुना_ॲम्प

माझ्या अनुभवात येतो. असो, दोनतारीनेच दोन्ही रेकॉर्ड करून ठरवावं.

दोनतारी

सहा आठवड्यांनी लिहिते आहे.

पिक ०.८८ केली, किंचित तिरकी धरते. पहिला आठवडा फक्त १२० ला आठव्या फटक्याचा ठक. दुसऱ्यापासून १८४ चे दोन-दोन बार. तिसऱ्या आठवड्यात सगळं बिघडल्यासारखं वाटलं. पिक तारांवरून नुसती सरकायची, आवाजच येत नव्हता. टोक फारच वर ठेवत होते, अर्धा मिलिमीटर आत घेतलं आणि आवाज परत आला. पाचव्या आठवड्यात १७६ ला पूर्ण गाणं पहिल्यांदा एकाही अपस्ट्रोकशिवाय गेलं. ऑडॅसिटीत बारच्या शिवणीवरचं अंतर आता १६७ ते १७५ येतं. हात शेवटी तापलेला असतो, पण दगड होत नाही.

चार-चारचा गट आणि सगळे सारखे, दोन्ही रेकॉर्ड केले. मला फरक ऐकू आला नाही, आमच्या बासवाल्याला आला. त्याला गटवालंच जास्त आवडलं. त्यामुळे ते अजून ठरलेलं नाही.

आता नवीन अडचण. शनिवारी कार्यक्रमात १ मिनिट ४० सेकंदांनी, शेवटच्या कोरसात परत अपस्ट्रोक घुसले. रेकॉर्डिंग मोजलं तर आमचा ड्रमर १८६ ला वाजवत होता.

किकस्नेअर

स्टेजवर दहाने चढणं अगदी सर्रास होतं. त्याच्या कानात क्लिक द्या, किंवा निदान गाणं मोजण्याआधी त्याला चार ठोके क्लिक ऐकू द्या.

वरखाली

किंवा शेवटच्या कोरसात आल्टरनेट करा. तिथे सगळं बँड जोरात असतं. हे मी अजूनही म्हणेन. ठक आणि बार कॉर्डचं मात्र मला माहीत नव्हतं.

जुना_ॲम्प

क्लिक द्या, पण सराव १८४ वरून १९२ ला न्या, कारण क्लिक असूनही अंगात भिनतंच. आणि दोनतारी, एक विचारायचं राहिलं. सराव बसून करतेस की उभी राहून?

दोनतारी

बसून. आणि कार्यक्रमात पट्टा बराच खाली असतो.

जुना_ॲम्प

मग उभं राहिल्यावर उजवं मनगट वाकलेलं असतं आणि सहा आठवडे शिकवलेली वाट बदलते. जॉनी रामोनची गिटार खूप खाली असायची आणि तरी तो वाजवायचा, त्यामुळे खाली चालतच नाही असं मी म्हणणार नाही. पण तो त्याच उंचीवर कायम वाजवायचा. बसल्यावर गिटार जिथे येते तिथेच उभं राहिल्यावर येईल असा पट्टा कर, किंवा आहे त्या उंचीवर उभं राहून सराव कर.

दोनतारी

खाली ठेवायची मला फार इच्छा आहे, खरं सांगते. उद्या दोन्ही उंचींवर १८६ ला उभं राहून रेकॉर्ड करते आणि शिवणीवरची अंतरं इथे टाकते.